मिरचीचा तरवा: रोप कुठलं, तण कुठलं (प्रकल्प नोंदी)

२८ ऑक्टोबर २०२४, पेडणे

सरदाचं भात कापून झालं. मळ्यात ओल आहे तोवर वायंगणी भाजीचे वाफे करायचे. वाफे झाले की आमच्या बचत गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो सुरू होतात: "हे काय आलंय? ठेवू का उपटू?" गेल्या हंगामातले असे सगळे फोटो आज एका फोल्डरमध्ये गोळा करून बघितले. बहुतेकांना उत्तर देणं शक्यच नाही. उभ्याउभ्या कंबरेच्या उंचीवरून घेतलेला वाफा, तांबड्या मातीवर हिरवे ठिपके. रोप केवढं आहे कळत नाही, दांडी दिसत नाही, बी कधी पेरलं ते लिहिलेलं नाही.

म्हणून यंदा आपणच फोटोंचा एक संच करायचा. उगवल्यापासून दोन-तीन खरी पानं येईपर्यंतचाच. त्यानंतर ओळखायला कुणाला फोटो लागत नाही.

पीक मिरचीच घ्यायचं ठरवलं. भेंडी, वाल, अळसांदे यांची बी मोठी, बीजपत्रं जाड, तिथे कुणी फसत नाही. मुळ्याची हृदयासारखी बीजपत्रंही सगळ्यांना पाठ आहेत. मिरचीचं तसं नाही. ती सावकाश उगवते आणि तोवर तणाने वाफा भरलेला असतो. शिवाय आमचं बी घरचं, हरमलच्या जातीचं, जपून ठेवलेलं. चुकून उपटलेल्या रोपाची भरपाई दुकानातून होत नाही. जोडीला तांबड्या भाजीचा एक वाफा ठेवणार आहे, कारण तिथला घोळ वेगळ्याच जातीचा आहे.

५ नोव्हेंबर

पेरणी. गादीवाफा केला, शेणखत आणि घरच्या खड्ड्यातलं कंपोस्ट पसरलं, वरची माती मोकळी करून ओळी आखल्या. बी साधारण १ सेंमी खोल, ओळींत ७ सेंमी अंतर. मिरची फोकून पेरली तर फोटोत ओळीचा आधार मिळत नाही. ओळ सरळ असली की ओळीबाहेरचं सगळं आधीच संशयित ठरतं.

दोन गोष्टी मुद्दाम केल्या. वाफ्याच्या टोकाला हातभर पट्टी बी न घालता सोडली. तिलाही तेच खत, तेच पाणी. त्या पट्टीत जे उगवेल ते आपण पेरलेलं नाही, हे नक्की. आणि वाफ्यातलीच माती, कंपोस्टासकट, एका पसरट टोपलीत भरून तिच्यावर उकळतं पाणी दोनदा ओतलं. निवल्यावर त्यात तेच मिरचीचं बी पेरलं. उकळत्या पाण्याने मातीतलं बहुतेक तणबी मरतं, त्यामुळे टोपलीत ओळीने येईल ती मिरची. पुस्तकातल्या चित्रापेक्षा ही टोपली उपयोगी, कारण ती आपल्याच बियाची, आपल्याच मातीतली आणि त्याच दिवशी पेरलेली आहे.

तांबड्या भाजीचं बी वाळूत मिसळून फोकलं.

९ नोव्हेंबर, चौथा दिवस

मिरचीच्या वाफ्यात हिरवंगार. टोपलीत काहीच नाही. यातच अर्धं उत्तर आलं: आज जे दिसतंय त्यात मिरची नाही. काकी बघायला आल्या आणि खूश झाल्या, "बरी रुजली गो मिरची!" मी टोपली दाखवली. मग बिनपेरलेली पट्टी दाखवली, तिथेही तसंच हिरवं. "म्हणजे हा सगळा रानमाठ?" म्हणाल्या. बराचसा तोच.

फोटो घेतले. रानमाठाची बीजपत्रं अरुंद, लांबट, टोकाला बोथट, लांबी जेमतेम १ सेंमी. वरून हिरवी, पण काडीने उलटवून बघितली तर पाठ जांभळट-गुलाबी. वरून घेतलेल्या फोटोत ही पाठ येत नाही. दांडी लालसर.

त्या हिरव्यात घोळ नावाची रानभाजीही आहे. त्याची मांसल, बुटकी, लालसर बीजपत्रं एकदा पाहिली की पुन्हा विचारावं लागत नाही. लव्हाळा आणि गवतं एकेका पात्याने येतात, त्यांच्यावर फोटो खर्च करत नाही.

११ नोव्हेंबर

फोटो कसा घ्यायचा, त्याचा आजचा दिवस.

तांबड्या मातीवर फोनचा कॅमेरा रंग बिघडवतो. फ्रेममध्ये सगळीकडे तांबडं दिसलं की फोन ते आपोआप कमी करायला जातो, मग लाल दांडी तपकिरी येते आणि हिरव्यावर निळसर छटा चढते. रोपाच्या मागे वहीचा पांढरा कागद धरला की रंग बराचसा जागेवर येतो, शिवाय दांडीवरची लव कागदासमोर उठून दिसते. ऊन चढल्यावर कागद इतका पांढरा पडतो की रोपाची नुसती सावली उरते. सकाळी नऊच्या आत, किंवा छत्रीच्या सावलीत.

प्रत्येक रोपाचे दोन फोटो ठरवले. एक नेमका वरून, बाजूला दहाचं नाणं ठेवून. दुसरा आडवा, फोन जमिनीला टेकवून, मागे कागद. वरच्या फोटोत पानाचा आकार आणि माप मिळतं. आडव्यात दांडी, लव आणि पानं कुठल्या उंचीवर फुटलीत ते दिसतं. दोन्हींपैकी एकच मिळणार असेल तर मी आडवा मागेन.

फाइलला नाव देताना पेरल्यापासूनचा दिवस त्यातच घालायचा:

```
MIR_D10_vafa_var.jpg
MIR_D10_vafa_aad.jpg
MIR_D10_topli_aad.jpg
MIR_D10_rikami_aad.jpg
```

ग्रुपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. फोटो म्हणून गेला की दाबला जातो आणि लवच पहिली नाहीशी होते.

१५ नोव्हेंबर, दहावा दिवस

मिरची आली. टोपलीत आधी, वाफ्यात एक दिवस मागाहून.

उगवतानाचा हा एक-दोन दिवसांचा काळ ओळखायला सगळ्यात सोपा आहे. दांडी वाकून, गळासारखी, मातीतून वर येते आणि मग सरळ होते. काही रोपांच्या बीजपत्रांच्या टोकाला बियाचं टरफल अडकून राहतं: चपटं, पिवळट, ३-४ मिलिमीटरचं. हे टरफल फोटोत सापडलं की आणखी काही बघायची गरज नाही. रानमाठाचं बी काळं, चकचकीत, मोहरीहूनही लहान. असं चपटं पिवळं टरफल डोक्यावर घेऊन तो कधी येणार नाही. टरफल हाताने ओढू नका एवढं मात्र गटाला सांगून ठेवलं, पान फाटतं.

आज शेजारच्या रानमाठाला खरी पानं फुटायला लागली आहेत. म्हणून नियम लिहून ठेवला: पेरणीपूर्वी वाफा स्वच्छ असेल, तर दहाव्या दिवशी ज्याला खरं पान आहे ते मिरचीचं नाही. उलट्या बाजूने हा नियम चालत नाही. दर पाण्याला नवं तण उगवत राहतं, त्यामुळे आज नुसती बीजपत्रं असलेलं प्रत्येक रोप मिरचीच असेल असं धरता येत नाही.

एक कोडं पडलंय. बिनपेरलेल्या पट्टीत दोन रोपं थेट मिरचीसारखी आहेत. बीजपत्रं लांब, टोकदार, मध्ये शीर स्पष्ट. पट्टीत बी घातलेलं नाही. वाहून आलं म्हणावं तर पाणी झारीने घालतोय. खुणेच्या काड्या लावून ठेवली.

१८ नोव्हेंबर, तेरावा दिवस

मापाचा दिवस. वाफ्यातलं एकच रोप घेऊन पूर्ण हिशेब लिहितो, म्हणजे गटातल्या कुणालाही करता येईल.

दहाच्या नाण्याचा व्यास २७ मिमी. फोटो फोनवर मोठा करून मोजला: नाणं ५४० पिक्सेल, एक बीजपत्र ३८० पिक्सेल. ३८० भागिले ५४० गुणिले २७, म्हणजे १९ मिमी. पण पट्टीने रोपावर मोजलं तर १६. फरक नाण्यामुळे पडतो. नाणं जमिनीवर आहे आणि बीजपत्र जमिनीपासून ३ सेंमी वर, म्हणजे कॅमेऱ्याला जवळ. फोन जमिनीपासून २० सेंमीवर होता, पानापासून १७ वर. जवळची वस्तू तेवढ्याच प्रमाणात मोठी दिसते: १९ ला १७ ने गुणून २० ने भागलं की १६ येतात. फोन ४० सेंमीवर धरून दुप्पट झूम केला तर हीच चूक १८ टक्क्यांवरून ८ वर येते. सोपा उपाय म्हणजे नाणं काडीच्या किंवा काडेपेटीच्या आधाराने पानाच्या उंचीला आणायचं.

आता त्याच फोटोत, ओळीपासून बोटभर अंतरावर एक बुटकं रोप आहे. बीजपत्र १३० पिक्सेल, म्हणजे साडेसहा मिमी. ते जमिनीलगतच आहे, त्यामुळे सुधारणा जवळपास नाही. आकार रुंद, मधे फुगीर, टोकाला निमुळता. एकट्याचा फोटो आला असता तर "मिरची, नुकतीच उगवलेली" असं कुणीही म्हटलं असतं, कारण टोक तसंच आहे. पण मिरचीचं बीजपत्र उघडतं तेव्हाच लांबट असतं, लांबी रुंदीच्या तिप्पट किंवा जास्त. हे रोप दीडपटच आहे. आडव्या फोटोत दांडीवर बारीक लव, पानाच्या कडेलाही. काकमाची किंवा चिरबोटी.

दोघींपैकी नेमकी कुठली यावर मी वेळ घालवणार नाही. दोन्ही मिरचीच्याच कुळातल्या, दोन्ही या वयात लहान, रुंद, लवदार. वाफ्यात प्रश्न एकच असतो, मिरची आहे का नाही. गटातल्या एका भाऊंना प्रत्येक तणाचं नाव हवंय, त्यांना म्हटलं फुलं येईपर्यंत कुंडीत लावा.

२३ नोव्हेंबर, अठरावा दिवस

पट्टीतल्या कोड्याचा उलगडा. पहिलं खरं पान फुटलं आणि त्याच्या कडा कातरलेल्या आहेत. टोमॅटो. स्वयंपाकघरातला ओला कचरा कंपोस्टात जातो, तिथून आला. टोपलीतल्या मातीत हेच कंपोस्ट होतं, पण उकळत्या पाण्याने ते बी गेलं असणार.

हे फार कामाचं सापडलं. टोमॅटोची आणि मिरचीची बीजपत्रं नुसत्या वरच्या फोटोत वेगळी काढणं कठीण आहे. लांबी, टोक, शीर, सगळं जुळतं. म्हणून १५ तारखेचे आडवे फोटो पुन्हा उघडून टोपलीच्या फोटोशेजारी ठेवले. फरक तेव्हाच दिसत होता. टोमॅटोच्या दांडीवर खालपासून वरपर्यंत उभी लव आहे आणि दांडी जांभळट. टोपलीतल्या मिरचीची दांडी गुळगुळीत, फिकट हिरवी. रंगावर मी विसंबणार नाही, काही मिरच्यांची दांडीही जांभळट येते. लवेवर विसंबेन. आणि ज्यांच्या वाफ्यात स्वयंपाकघरातलं कंपोस्ट आहे त्यांनी ओळीबाहेरच्या "मिरची"कडे संशयानेच बघावं.

मिरचीचं पहिलं खरं पान साधं, अखंड कडेचं, चकचकीत. ही पानं एकेक करून येतात, एकामागून एक. माका, एकदांडी, ओसाडी, दुधी या तणांची पहिली खरी पानं समोरासमोर, एकाच मापाच्या जोडीने येतात. भाताच्या मळ्यात माका तर हमखास. तेव्हा आडव्या फोटोत खऱ्या पानांची सारख्या मापाची जोडी एकाच उंचीवर दिसली की ती मिरची नव्हे. वरच्या फोटोत मात्र गफलत होते, कारण मिरचीची पहिली दोन पानंही जवळजवळ फुटतात आणि वरून जोडीच भासतात. बारकाईने बघितलं तर एक मोठं, एक लहान असतं.

रानमाठ आता लपत नाही. त्याच्या खऱ्या पानाच्या टोकाला खाच पडली आहे, नखाने चिमटा घेतल्यासारखी. मिरचीच्या पानाचं टोक निमुळतं.

२९ नोव्हेंबर

तांबड्या भाजीचा वाफा. इथे सगळ्या खुणा निकामी होतात, कारण पीक आणि तण एकाच घरातले. तांबडी भाजी हाही माठ, रानमाठ आणि काटेमाठही माठच. बीजपत्रांचा आकार तोच, उगवायचे दिवस तेच, बी फोकलेलं म्हणून ओळही नाही.

उरतो रंग. उन्हातल्या भागात तांबड्या भाजीची रोपं दांडीपासून पानापर्यंत गडद किरमिजी आहेत आणि हिरवं रोप लगेच नजरेत भरतं. पण माडाची सावली पडते त्या कोपऱ्यात तांबडी भाजीसुद्धा हिरवट राहिली आहे, आणि काटेमाठाची दांडी उन्हात चांगली लाल होते. म्हणजे रंग बघायचा तर एकाच उजेडातल्या दोन रोपांचा. सावलीतल्या फोटोवरून निर्णय द्यायचा नाही. काटेमाठाचे काटे या वयात नसतात, ते पुढे पेऱ्यांवर येतात, त्यामुळे "काटे नाहीत, म्हणजे भाजीच" हेही चालत नाही.

काकींचा यावरचा निकाल मला पटला. "उपटायची घाई कशाला? कोवळेपणी रानमाठही भाजीतच जातो." खरंच आहे. कोवळा काटेमाठसुद्धा लोक खातात. इथे चुकलं तर नुकसान नाही, पहिल्या तोडणीला सगळं एकाच टोपलीत. फक्त ज्या रोपांचं बी धरायचं, त्यांच्या आसपासचं हिरवं वेळीच काढायला हवं, नाहीतर पुढच्या वर्षीच्या बियात रानमाठाचं बी मिसळून येणार. दोन्ही बियाणी काळी, चकचकीत, बारीक. सुपात निवडून वेगळी होत नाहीत. आमच्या बियात आत्ताच किती मिसळ आहे, याचा अंदाज यंदाच्या हिरव्या रोपांवरून येतोय.

म्हणून संचात तांबड्या भाजीला वेगळं पान देतो आणि त्यावर फोटो कमी, सूचना जास्त: बियासाठी ठेवलेल्या कोपऱ्यात चार-पाच पानं झाल्यावर, उन्हात बघून, हिरवं काढा. बाकीच्या वाफ्यात हात लावू नका.

६ डिसेंबर

संच गटाला दाखवला. फोनवर, एकेक फोटो, प्रश्न एकच: मिरची की नाही? तिसरं उत्तर मुद्दाम ठेवलं होतं, "थांबा". ज्या फोटोवरून सांगता येत नाही तिथे थांबा म्हणणं हेच बरोबर उत्तर.

टरफलवाले आणि गळासारखे फोटो सगळ्यांनी ओळखले. रानमाठही. गोंधळ अपेक्षित ठिकाणीच झाला, टोमॅटोच्या वरच्या फोटोवर, आणि तिथे जवळपास कुणीच थांबा म्हटलं नाही. आडवा फोटो पुढे ठेवल्यावर मात्र कुणी तरी लगेच "ह्याला केस आहेत" म्हणालं. काकमाचीच्या बाबतीत वेगळंच झालं: नाणं असलेल्या फोटोत लोक बरोबर होते, नाणं नसलेल्या फोटोत तीच माणसं मिरची म्हणाली. रोप तेच, दिवस तोच.

एक तक्रार रास्त आली. आडव्या फोटोसाठी ओल्या वाफ्यात गुडघे टेकायला लागतात, आणि बायकांना सकाळी तेवढा वेळ नसतो. यावर तोड निघाली. संशयित रोप ओळीबाहेरचं असेल तर ते मातीसकट चमच्याने काढून नारळाच्या करवंटीत लावायचं, पायरीवर ठेवायचं आणि सावकाश फोटो काढायचा. मिरची निघाली तर परत वाफ्यात लावता येते. ओळीतल्या रोपाला तसंही कुणी हात लावत नाही.

१४ डिसेंबर

तरव्यातली रोपं काढून लावणी सुरू. बोटभर उंचीपुढे गेली आहेत, चार-पाच खरी पानं. बेणणी दोनदा झाली: पहिली दहाव्या दिवसाच्या आसपास, फक्त खरी पानं आलेलं तण काढून, दुसरी अठराव्या दिवसानंतर, उरलेलं. मधल्या काळात वाफ्यात कुणी शिरायचं नाही असं ठरवलं होतं, कारण काकमाची आणि मिरची दोघीही तेव्हा नुसत्या बीजपत्रांवर असतात आणि घाईत हात दोघींवर सारखाच पडतो.

संचातून नाणं नसलेले सगळे फोटो काढून टाकले. राहिलेल्यांच्या मागे टोपलीतल्या त्याच दिवसाच्या मिरचीचा फोटो जोडला, म्हणजे बघणाऱ्याला तुलना शेजारीच मिळेल. वांग्याचा तरवा पुढच्या हंगामात. वांग्याची बीजपत्रंही लांबट येतात, त्यामुळे मिरचीचा संच त्याला लावू नये असं पहिल्याच पानावर लिहिलं आहे. टोपली धुऊन कोठारात ठेवली, उकळत्या पाण्याने तिचा तळ सुटायला लागलाय. पुढच्या वेळी पत्र्याचा डबा.